गिटार घुमतेय? लाकडाला दोष देण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या गणेशोत्सवात मंडळाच्या स्टेजवर गिटार लागली की एक तक्रार हमखास येते: बाकी सूर ठीक, पण ‘जी’ वाजला की भूंऽऽ असं घुमतं. लगेच कोणी म्हणतं, लाकूड हलकं आहे, रोझवूडची घ्या. पहिली चूक इथेच होते.

रामबागेतल्या एका विद्यार्थ्याच्या ड्रेडनॉटचं, म्हणजे मोठ्या बॉडीच्या गिटारचं, हेच झालं होतं. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी, म्हणजे साधारण ९८ हर्ट्झ, बाकी सुरांच्या दुप्पट मोठा वाटायचा. बॉडीत कोंडलेली हवा साउंडहोलमधून आत-बाहेर होते आणि तिचा स्वतःचा एक सूर असतो. बहुतेक मोठ्या गिटारमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास येतो. तारेचा सूर त्याच्याशी जुळला की घुमारा उठतो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. जाड पुठ्ठ्याने साउंडहोल अर्धं झाका, पुठ्ठा तारांना लागू देऊ नका, आणि सहाव्या तारेवर एकेक फ्रेट वाजवून बघा. भोक लहान झालं की हवेचा सूर उतरतो. त्या गिटारचा घुमारा जीवरून एफच्या खाली सरकला, म्हणजे दोष हवेचाच. घुमारा जागचा हलला नाही, तर गिटारची वरची फळी किंवा खोली तपासा. खोली बदलून वाजवलं की ते लगेच कळतं.

दुसरी चूक माइकची. तो थेट भोकासमोर धरला की हाच घुमारा सगळ्यांत जास्त पकडला जातो. बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर ठेवा. त्या मुलाचं अर्धं काम तेवढ्यानेच झालं. उरलेल्यासाठी मिक्सरवर १०० हर्ट्झ थोडं कमी केलं. पिकअप असेल तर भोकात बसणारं रबरी झाकण उपयोगी पडतं, पण माइकशिवाय वाजवताना ते काढा, नाहीतर खालचे सूर पोकळ वाटतात.

आता लाकूड. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून, म्हणजे टॉपमधून येतो. ती स्प्रूस किंवा सीडरची सलग फळी आहे की प्लाय, हे साउंडहोलच्या काठावर दिसतं: वरच्या रेषा काठावरून खाली उतरत असतील तर सलग, थर दिसले तर प्लाय. मागच्या-बाजूच्या लाकडाचा फरक मात्र फार थोडा. २०१८ साली लँकेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगात, फक्त ती लाकडं वेगळी असलेल्या सहा गिटारी वादकांना लाकूड दिसू न देता वाजवायला दिल्या, तेव्हा त्यांना आवाजात फारसा फरक जाणवला नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आकार ठरवताना ‘मोठी ती मोठ्या आवाजाची’ एवढंच धरू नका. बोटांनी वाजवणाऱ्याला अरुंद कमरेची लहान बॉडी बरी: खालचे सूर आवरलेले, वरचे स्पष्ट. दुकानात दुसऱ्याला वाजवायला सांगा आणि चार पावलं समोर उभं राहून ऐका. मांडीवर धरून कानाशी येणारा आवाज श्रोत्यांना मिळत नाही.