बाबांचे केस रंगवायचेत, पण कुणाला कळू नये

इंदूरला रामबागेतल्या आमच्या केशकर्तनालयात बाबा शनिवारी जाणार होते. केस रंगवायला ते तयार होते, पण दुकानात चारचौघांसमोर तसं सांगायला लाजत होते. म्हणून मी आदल्या गुरुवारी केस कापणाऱ्या दादांना हा निरोप पाठवला:

"दादा, नमस्कार. शनिवारी बाबा येतील. काळा रंग नको, गडद तपकिरी लावा, बिनअमोनियाचा आणि हळूहळू उतरणारा. दहा मिनिटांत धुवा. कानशिलांवरचे पांढरे तसेच राहू द्या. मिशीला हात लावू नका. आज संध्याकाळी ते दाढीला येतील, तेव्हा कानामागे थोडा रंग लावून बघा. दुकानात याबद्दल बोलू नका, पैसे मी देतो."

मुद्दा काळ्या रंगाचा. साठीतल्या चेहऱ्यावर एकसारखे काळेभोर केस टोपासारखे दिसतात, आणि पक्का रंग असेल तर महिन्याभरात मुळाशी पांढरी रेघ उघडी पडते. हळूहळू उतरणाऱ्या रंगात ती रेघ ठळक होत नाही, थोडे पांढरे मधे डोकावत राहतात. तेच तर हवंय.

कानामागची चाचणी मात्र टाळू नका. खाज, लाली किंवा सूज दोन दिवसांनीही येऊ शकते, तशी आली तर रंग रद्द. बाबांना काही झालं नाही. रविवारी काकू एवढंच म्हणाल्या, "भावोजी, झोप छान झालेली दिसतेय!"