अपघाताचा जबाब लिहिताना स्केच आणि फोटो असे जोडा

समजा चौकात टेम्पोने बाईकला ठोकलं, तर क्लेमसाठी नुसतं "बाईक रस्त्याच्या कडेला पडली होती" लिहून काही कळत नाही, कडेला म्हणजे नेमकं कुठे?

जागेवरच कागदावर रफ स्केच काढा, उत्तर दिशेचा बाण टाका आणि न हलणाऱ्या दोन खुणा धरा, जसं की विजेचा खांब आणि दुभाजकाचं टोक. मग बाईकचं पुढचं चाक दोन्हीपासून किती मीटर ते टेपने मोजून लिहा, कारण एकाच खुणेपासूनचं अंतर दिलं तर ती जागा खांबाभोवती कुठेही असू शकते. ब्रेकचे टायरमार्क असतील तर सुरुवात आणि शेवट दोन्ही मोजा. प्रमाणात काढलं नसेल तर तसं खाली लिहून टाका.

फोटोंना फो-१, फो-२ असे नंबर द्या आणि तोच नंबर स्केचवर, जिथे उभं राहून काढला तिथे, कॅमेऱ्याच्या दिशेच्या बाणासकट टाका (हे बहुतेक जण विसरतात). जबाबात मग "टायरमार्क खांबाजवळ सुरू होतो, फो-३" असं लिहायचं. खुणा, बाण फोटोच्या कॉपीवरच करा, ओरिजिनल फाईलला हात लावू नका. जवळून काढलेल्या फोटोसोबत लांबून एक हवाच, नाहीतर तो ओरखडा कुठल्या गाडीचा यावरून वाद होतो.