शासनाविरुद्ध नोकरीचा दावा लावताय? या चुका टाळा

माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत गेली. आता निवृत्तीनंतरही सातारा-सांगलीकडचे कर्मचारी सेवापुस्तकाच्या आणि आदेशांच्या झेरॉक्स घेऊन येत असतात. प्रकरणं निरनिराळी असतात, चुका मात्र त्याच त्या. त्यातल्या दोन चुकांमुळे माणसं हक्काच्या पैशाला मुकताना पाहिली आहेत, म्हणून त्या दोन सविस्तर सांगतो. बाकीच्या थोडक्यात.

नेमणुकीचा आदेश म्हणजे करार, असं धरून चालणं

"आदेशातच लिहिलंय, मग शासनाला बदलता कसं येईल?" हे वाक्य मी सतत ऐकतो. सरकारी नोकरीची सुरुवात करारानेच होते, हे खरं आहे. जाहिरात निघते, निवड होते, आदेश मिळतो, तुम्ही तो स्वीकारून रुजू होता. पण रुजू झालात की तुमचे हक्क त्या कागदावर राहत नाहीत, ते सेवानियमांत जातात. आणि राज्यघटनेच्या कलम ३०९ खाली ते नियम शासन स्वतःच करतं आणि तुमची संमती न घेता बदलूही शकतं. रेल्वेतल्या रोशनलाल टंडन यांनी बढतीच्या बदललेल्या नियमाला हरकत घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हेच सांगितलं. नोकरीत शिरताना जी अट होती तीच शेवटपर्यंत राहील, असा कराराचा हक्क सरकारी नोकराला नाही.

हे ऐकलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. "म्हणजे शासनाने काहीही करावं आणि आपण गप्प बसावं?" अजिबात नाही. इंग्रजांच्या कायद्यात राजाचा नोकर थकलेल्या पगारासाठी राजावर दावा लावू शकत नाही, असं मानलं जायचं. तोच मुद्दा बिहार सरकारने अब्दुल मजीद नावाच्या फौजदाराच्या विरोधात मांडला. त्यांना बडतर्फ केलं होतं, पुढे अपिलात परत घेतलं, पण मधल्या काळाचा पगार नाकारला. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा मुद्दा फेटाळला. नोकरी राज्यकर्त्याच्या मर्जीवर असली, तरी थकलेला पगार हे येणं आहे आणि ते दावा लावून वसूल करता येतं. आपल्या घटनेतही कलम ३१० मध्ये ती मर्जी आहे. पण चौकशी केल्याशिवाय आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करायचं नाही, हा लगाम कलम ३११ ने तिला घातला आहे.

म्हणून फाईल उघडली की मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: शासनाने हे मालक म्हणून केलंय की नियमकर्ता म्हणून? केलेल्या कामाचा पगार, मिळालेली वेतनवाढ, ठरलेलं उपदान अडवलं असेल, तर तुमच्यासमोर देणं थकवणारा मालक आहे आणि तुमची बाजू भक्कम आहे. बढतीची परीक्षा, कोट्याची टक्केवारी, पुढच्या काळाचे भत्ते बदलले असतील, तर समोर नियमकर्ता आहे. तिथे "माझ्याशी करार झालाय" हा मुद्दा टिकत नाही. तिथे नियमच घटनेशी विसंगत आहे, किंवा तुम्हाला वगळून इतरांना लाभ देणारा आहे, असं दाखवावं लागतं. तरी नियमकर्त्यालाही मर्यादा आहे. मागच्या तारखेपासून नियम बदलून निवृत्तांच्या पदरात पडलेलं पेन्शन कमी करता येत नाही, हे १९९७ साली रेल्वेच्याच प्रकरणात घटनापीठाने स्पष्ट केलं.

वकिलाकडे जाण्याआधी एवढा निवाडा स्वतः करा. इंटरनेटवरून कोणाचा तरी अर्ज उतरवून त्यात आपलं नाव घालणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या अर्जात करार, समानता, नैसर्गिक न्याय आणि मानसिक त्रास हे सगळं एकाच परिच्छेदात असतं आणि नेमकी मागणी कुठेच नसते.

निवेदनामागून निवेदन देत बसणं

सर्वात जास्त नुकसान या चुकीने होतं. कराडकडचे एक वरिष्ठ लिपिक मे २०१५ अखेर निवृत्त झाले. निवृत्तीच्या तोंडावर वेतन पडताळणीत निघालं, की १ जानेवारी २००६ च्या वेतननिश्चितीत त्यांना एक वेतनवाढ जादा पडली होती. निश्चिती कार्यालयानेच केली होती, त्यांनी काही लपवलं नव्हतं. जून २०१५ मध्ये १,६८,००० रुपयांच्या वसुलीचा आदेश निघाला आणि उपदानातून तेवढी रक्कम कापली गेली.

त्यांची बाजू चांगली होती. रफिक मसीह प्रकरणातला निकाल डिसेंबर २०१४ मध्येच आला होता. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम मिळत आलेले, यांच्याकडून अशी वसुली करू नये, असं त्यात सांगितलं आहे. या तिन्ही कसोट्यांत हे गृहस्थ बसत होते.

पण त्यांनी केलं काय? जुलै २०१५ मध्ये निवेदन दिलं. उत्तर नाही, म्हणून स्मरणपत्र. मग वरच्या कार्यालयाला, मग मंत्रालयात, मग पालकमंत्र्यांच्या जनता दरबारात. प्रत्येक वेळी कोणीतरी "बघतो" म्हणायचं आणि हे समाधानाने घरी यायचे. २०१८ मध्ये दोन ओळींचं उत्तर आलं: आपले निवेदन मान्य करता येत नाही. ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता नकार हातात आलाय, आजपासून वर्ष मोजायचं ना?"

नाही. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे आपलं मॅट, १९८५ च्या कायद्यावर चालतं. त्याच्या कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एका वर्षात अर्ज करायचा असतो. नियमाप्रमाणे अपील किंवा निवेदन दिलं आणि सहा महिने उत्तर आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून पुढे एक वर्ष मिळतं. यांच्या बाबतीत जास्तीत जास्त हिशोब धरला, तरी जुलै २०१५ चे सहा महिने जानेवारी २०१६ मध्ये संपतात आणि मुदत जानेवारी २०१७ मध्ये. त्यानंतरच्या स्मरणपत्रांनी एक दिवसही वाढत नाही. उशिरा आलेल्या नकारानेही मेलेला दावा जिवंत होत नाही. सी. जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे, की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

शेवटी उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडावा लागला. मधल्या काळातलं पत्नीचं आजारपण आणि दवाखान्याची कागदपत्रं होती म्हणून तो मंजूर झाला, नाहीतर चांगली बाजू असूनही दारातूनच परत यावं लागलं असतं. पुढे वसुली रद्द झाली आणि कापलेले पैसे परत मिळाले. पेन्शन मात्र दुरुस्त झालेल्या, म्हणजे एक वेतनवाढ कमी असलेल्या पगारावरच राहिलं. त्यावर ते नाराज होते. त्यांना समजावलं, की चूक पुढच्यासाठी सुधारायचा अधिकार शासनाला आहे. दिलेले पैसे इतक्या वर्षांनी गरिबाच्या उपदानातून ओढून घ्यायला न्यायालयाने मनाई केली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि अर्जातही वेगळ्या मागाव्या लागतात.

याच प्रकरणात समोरून वेतननिश्चितीच्या वेळचं हमीपत्रही दाखवलं गेलं: "जादा रक्कम आढळल्यास परत करीन." २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात अशा हमीपत्रामुळे वसुली टिकली होती, पण तिथे कर्मचारी न्यायिक अधिकारी होते. वर्ग तीनच्या माणसाला तो निकाल तसाच लागतो का, यावर भांडता येतं. पण आपण कशावर सही केली होती हे सुनावणीत पहिल्यांदा कळू नये. सेवापुस्तकाची आणि हमीपत्राची प्रत आधीच मागून घ्या.

माझी सवय सांगतो. आदेश हातात पडला की त्याच्यावरच मिळाल्याची तारीख लिहायची. एकच निवेदन द्यायचं, दोन पानांच्या आत, नियमाचा क्रमांक घालून. आवक शाखेत शिक्का, क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायची. त्याच दिवशी घरच्या कॅलेंडरवर सहा महिन्यांनंतरची तारीख लाल शाईने लिहायची. त्या तारखेपर्यंत उत्तर नसेल, तर वकील गाठायचा. साहेब चांगले आहेत, फाईल वर गेली आहे, असं कोणी सांगितलं तरी ती तारीख खोडायची नाही.

एक दिलासा आहे. पगारच चुकीचा ठरवला असेल आणि दर महिन्याला कमी मिळत असेल, तर ते चालू नुकसान मानतात आणि उशीर झाला तरी दाद मिळू शकते. पण थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच हातात पडते. दहा वर्षं थांबलात तर सात वर्षांचे पैसे गेले.

बाकीच्या चुका

जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटमध्ये जायला निघतात. मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या माणसाला खात्याचं अपील संपवून रिट याचिकेने उच्च न्यायालयात जावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, म्हणून ते काम आता जवळ आलं आहे. पण ते मॅट नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा.

अकरा महिन्यांच्या आदेशावरचे कंत्राटी कर्मचारी "इतकी वर्षं झाली, कायम करा" एवढंच लिहितात. नुसत्या वर्षांवर कायम करता येत नाही, हे उमादेवी निकालाने २००६ मध्ये ठरवलं. पद मंजूर होतं का, काम कायमस्वरूपी आहे का, नेमणूक जाहिरातीने झाली का, हे कागदावर दाखवा. डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला, तो मुख्यतः कामाचं कायम स्वरूप आणि सेवेचा दीर्घ काळ पाहून.

उपदान उशिरा मिळालं तर व्याज मागायचं लोक विसरतात. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत १२९-अ मध्ये त्याची तरतूद आहे. प्रशासनाच्या दिरंगाईने तीन महिन्यांपेक्षा उशीर झाला असेल तर व्याज देय होतं. मूळ अर्जातच ते मागा, मागून वेगळा अर्ज करायची वेळ आणू नका.

आणि दिवाणी न्यायालयात शासनावर दावा लावणार असाल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्या. मॅटच्या अर्जाला ती लागत नाही, म्हणून तिच्या नावाखाली मॅटची मुदत दवडू नका.