वृत्तालेखाची बेरीज ३५९ येते तेव्हा: उरलेला अंश कुणाला द्यायचा?

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात एक गोल हमखास असतो: रुपया असा येतो, रुपया असा जातो. वृत्तालेख शिकवताना मी तोच गोल मुलांकडून कंपास आणि कोनमापक घेऊन काढून घेते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाचा गोल काढताना एका मुलीच्या वहीत शेवटची पाकळी भलतीच जाड दिसली. ती एका पैशाची पाकळी होती आणि तिचा कोन हवा होता ३.६ अंश, म्हणजे जवळजवळ ४. मोजला तर ५ भरला. तिची आकडेमोड तपासली, तर प्रत्येक ओळ बरोबर. प्रत्येक कोन तिनं शाळेत शिकवल्याप्रमाणे जवळच्या पूर्णांकात घेतला होता. पण त्यांची बेरीज ३५९ होत होती आणि राहिलेला एक अंश मुकाट्यानं शेवटच्या पाकळीत जाऊन बसला होता. सगळ्यात लहान पाकळी जवळपास चाळीस टक्क्यांनी फुगली होती.

संगणकाला गोल काढायला सांगितला तर हा प्रश्न येत नाही, कारण तो अपूर्णांकातले कोनही जसेच्या तसे काढतो. हातानं काढायचा असेल, भित्तिपत्रक करायचं असेल किंवा कोनांचा तक्ता छापायचा असेल, तर मात्र पूर्ण अंशच लागतात आणि त्यांची बेरीज ३६० च यायला हवी.

आधी आकडे कुठून घेताय ते पाहा

कोन नेहमी मूळ आकड्यांवरून काढा, कुणीतरी आधीच पूर्णांकात आणून ठेवलेल्या टक्केवारीवरून नको. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी काँग्रेसला १६ जागा मिळाल्या. एका जागेला ३६० भागिले २८८, म्हणजे सव्वा अंश. १६ जागांना बरोबर २० अंश. आता हेच टक्क्यांच्या वाटेनं करा. १६ जागा म्हणजे ५.५६ टक्के, ते लिहिले ६ टक्के, त्याचे झाले २१.६ अंश, ते लिहिले २२. दोनदा पूर्णांक केला आणि दोन अंश वाढले. यातली फसवी गोष्ट अशी, की पहिले सहा पक्ष वेगळे आणि उरलेले सगळे ‘इतर’ मध्ये धरून ती पूर्णांकी टक्केवारी मिळवली तर बेरीज नेमकी १०० येते, म्हणजे तपासणाऱ्याला शंकाही येत नाही.

अर्थसंकल्पाच्या गोलात आपला इलाज नाही, कारण तिथले वाटे पूर्ण पैशांतच छापून येतात. पण त्यांची बेरीज १०० आहे ना, हे आधी बघून घ्या.

भागाकार करा, पण बाकी टाकू नका

पाठ्यपुस्तकातलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: घटकाचा केंद्रीय कोन म्हणजे घटकाचा वाटा भागिले एकूण, गुणिले ३६०. मी यात एकच बदल करते. आधी गुणाकार, मग भागाकार, आणि भागाकार दशांश चिन्हात न नेता चौथीतल्यासारखा करायचा: भागाकार वेगळा, बाकी वेगळी. प्राप्तिकराचे १९ पैसे घ्या. १९ गुणिले ३६० म्हणजे ६८४०. त्याला १०० नं भागलं, भागाकार ६८, बाकी ४०. ६८ अंश त्याचे हक्काचे झाले आणि ४० ही बाकी पुढच्या पायरीसाठी जपून ठेवली. आठही वाटे असे मांडले की तक्ता असा होतो:

| रुपया कुठून येतो | पैसे | भागाकार (अंश) | बाकी |
|---|---|---|---|
| कर्ज व इतर देणी | २७ | ९७ | २० |
| प्राप्तिकर | १९ | ६८ | ४० |
| जीएसटी व इतर कर | १८ | ६४ | ८० |
| कंपनी कर | १७ | ६१ | २० |
| करेतर महसूल | ९ | ३२ | ४० |
| उत्पादन शुल्क | ५ | १८ | ० |
| सीमाशुल्क | ४ | १४ | ४० |
| कर्जाव्यतिरिक्त भांडवली जमा | १ | ३ | ६० |

भागाकारांची बेरीज ३५७. म्हणजे तीन अंश वाटायचे राहिले. आता बाक्यांची बेरीज करा: ३००. तिला १०० नं भागा, तीनच येतात. हा ताळा फुकटात मिळतो. बाक्यांच्या बेरजेला एकूण वाट्यांनी नि:शेष भाग गेला नाही, किंवा भागून आलेला आकडा राहिलेल्या अंशांइतका नसला, तर आकडेमोडीत कुठेतरी चूक आहे; पुढं जाऊ नका.

राहिलेले अंश वाटणं

नियम साधा आहे: ज्याची बाकी सगळ्यात मोठी, त्याला पहिला अंश; मग त्याच्या खालच्याला; राहिलेले अंश संपेपर्यंत. जीएसटीची बाकी ८० आहे, त्याला एक अंश दिला, तो ६५ झाला. भांडवली जमेची बाकी ६०, ती ३ वरून ४ झाली. ही रीत वृत्तालेखापुरती जन्मली नाही. लोकसंख्येनुसार अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांना वाटताना अलेक्झांडर हॅमिल्टननं हेच सुचवलं होतं आणि १७९२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टननं त्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता. अर्ध्या जागा किंवा अर्धा अंश देता येत नाही तिथं बाकीचा प्रश्न सारखाच येतो.

आपल्याकडे अजून एक अंश शिल्लक आहे आणि त्यावर तिघांचा सारखाच दावा: प्राप्तिकर, करेतर महसूल आणि सीमाशुल्क, तिघांचीही बाकी ४०. इथंच पुस्तकी नियम संपतो आणि निर्णय आपल्याला घ्यावा लागतो. मी अशा वेळी तो अंश दावेदारांतल्या सगळ्यात मोठ्या पाकळीला देते. कारण सांगते. कुणालाही दिला तरी त्याच्या खऱ्या कोनात ०.६ अंशाची भर पडणार. प्राप्तिकराच्या ६८.४ मध्ये ती भर एक टक्कासुद्धा नाही. करेतर महसुलाच्या ३२.४ मध्ये ती दोन टक्क्यांच्या आसपास जाते, आणि सीमाशुल्काच्या १४.४ मध्ये चार टक्क्यांच्या वर. मोठ्या पाकळीत ती दिसत नाही. म्हणून प्राप्तिकर ६९. सगळे कोन आता असे: ९७, ६९, ६५, ६१, ३२, १८, १४, ४. बेरीज ३६०.

दोन वाटे अगदी समान असतील आणि अंश एकच उरला असेल, तर कुणीतरी एक अंशानं मोठा दिसणारच. गोल सात सारख्या भागांत कापायचा म्हटलं तर चार पाकळ्या ५१ च्या आणि तीन ५२ च्या करण्यावाचून मार्ग नाही. अशा गोलात प्रत्येक पाकळीवर मूळ आकडा लिहाच, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज होणार नाही.

हे स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर

वाटे `B2` ते `B9` मध्ये आहेत असं धरा.

```
C2:  =QUOTIENT(B2*360,SUM($B$2:$B$9))
D2:  =MOD(B2*360,SUM($B$2:$B$9))
C10: =360-SUM(C2:C9)
```

`C2` आणि `D2` मधली सूत्रं नवव्या ओळीपर्यंत खाली ओढा. `C` मध्ये भागाकार, `D` मध्ये बाकी, `C10` मध्ये राहिलेले अंश. बरेच जण ६८.४ मधून ६८ वजा करून बाकी काढतात. तसं करू नका. संगणक ६८.४ ही संख्या आतून किंचित कमीजास्त साठवतो, त्यामुळे ६८.४ मधली ०.४ आणि ३२.४ मधली ०.४ त्याच्या लेखी अगदी सारख्या राहत नाहीत. पडद्यावर तिन्ही बाक्या सारख्या दिसतात, पण क्रम लावायला सांगितलं की तो त्यातल्याच एकीला मोठी ठरवतो आणि तुमचा निर्णय त्यानं परस्पर घेतलेला असतो. पूर्णांकांवर `MOD` चालवलं की तिन्ही ठिकाणी स्वच्छ ४० येतात. वाटे दशांशात असतील तर आधी सगळ्यांना १० किंवा १०० नं गुणून पूर्णांक करून घ्या.

कागदावर उतरवताना

कोन बरोबर असूनही गोल बिघडतो तो इथं. एक पाकळी काढली, कोनमापक नव्या रेषेवर सरकवला, पुढची काढली, पुन्हा सरकवला: दर वेळी थोडी चूक होते आणि आठव्या पाकळीपर्यंत ती साठत जाते. ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर एक अंश म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटरचा कंस, पेन्सिलच्या रेघेहून थोडासाच जास्त. म्हणून कोनमापक सरकवूच नका. एक व्यास आखा आणि कोनांची चढती बेरीज करून सगळ्या खुणा त्याच व्यासावरून करा: ९७, १६६, २३१, २९२, ३२४, ३४२, ३५६. पहिल्या दोन खुणा वर्तुळाच्या एका अर्ध्यात येतात. उरलेल्यांसाठी कोनमापक व्यासाच्या दुसऱ्या बाजूला ठेवा, व्यासाच्या समोरच्या टोकाला शून्य धरा आणि १८० वजा करून वाचा. २३१ ची खूण मग ५१ वर येईल. सगळ्या खुणा झाल्यावरच केंद्रातून रेघा ओढा.

चढत्या बेरजेवरून आणखी एक रीत निघते. काही जण कोनांचा पूर्णांक करतच नाहीत, चढत्या बेरजांचा करतात. ९७.२, १६५.६, २३०.४, २९१.६ असं लिहीत जायचं आणि शेवटी प्रत्येक खूण जवळच्या अंशावर घ्यायची. शेवटची बेरीज ३६० असते, त्यामुळे एकूण कधीच चुकत नाही, शिवाय कुठलीही रेघ तिच्या खऱ्या जागेपासून अर्ध्या अंशाहून जास्त हलत नाही. नुसतं चित्र काढायचं असेल तर ही रीत मला जास्त आवडते. पण त्यातून पाकळ्यांचे कोन काढून तक्त्यात छापायला जाल तर जीएसटीचे ६४.८ हे ६४ होतात आणि कंपनी कराचे ६१.२ हे ६२. शिवाय वाट्यांचा क्रम बदलला की कोनही बदलतात. तक्ता छापायचा असेल तेव्हा बाकीची रीतच बरी.

पाकळी उरतच नाही तेव्हा

कोरड्या हवेचा गोल काढून बघा: नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५, आरगॉन ०.९३ आणि कार्बन डायऑक्साइडसह बाकी सगळं ०.०४. नायट्रोजन २८१, ऑक्सिजन ७५, आरगॉन ३ आणि शेवटच्याच्या वाट्याला शून्य. एक अंश उरतो, तो नियमानं ऑक्सिजनला जातो, कारण त्याची बाकी सगळ्यात मोठी आहे. बेरीज ३६० आली, पण एक घटक गोलातून नाहीसा झाला. त्याची कीव येऊन त्याला एक अंश देण्याचा मोह होतो. पण त्याचा खरा कोन ०.१४ अंश आहे. एक अंश दिला तर तो सात पट मोठा दिसेल. तो शून्यच राहू द्या आणि गोलाखाली ‘कार्बन डायऑक्साइड व इतर ०.०४ टक्के, आकृतीत दाखवता आले नाहीत’ अशी एक ओळ लिहा.