पात्राला पहिल्या दहा पानांत रुटीनबाहेर कसं काढावं

नव्या लेखकाची संहिता हातात आली की पहिली काही पानं ओळखीची वाटतात. पाऊस पडतोय, फलाटावर गर्दी आहे, चाळीच्या गॅलरीत कुणीतरी दात घासतंय, आईनं डबा भरून ठेवलाय. लिहिलेलं वाईट नसतं. पण पंचविसावं पान आलं तरी कुणावर काही ओढवलेलं नसतं, आणि वाचणाऱ्यानं एव्हाना हातात फोन घेतलेला असतो. मुंबईवर लिहिताना हा मोह जास्तच होतो, कारण शहराची दिनचर्या इतकी ठसठशीत आहे की तिचं वर्णन म्हणजेच गोष्ट असं वाटायला लागतं.

पटकथेच्या वर्गात जिला ‘इन्सायटिंग इन्सिडंट’ म्हणतात ती घटना इथे हवी असते. पात्राचं रोजचं आयुष्य मोडणारी आणि मुख्य झगड्याकडे त्याला ढकलणारी. ही घटना कशी निवडायची, कुठे ठेवायची आणि तिच्यानंतर काय करायचं, ते एकच गोष्ट रचत पाहू.

मालती, वय 46. गिरगावात, ठाकूरद्वारच्या एका जुन्या चाळीत राहते. एक खोली, त्यातच पोळी-भाजीच्या डब्यांचा धंदा. गिऱ्हाइकं काळबादेवी आणि फोर्टातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, सासूचं तिनं शेवटपर्यंत केलं. भाडेपावती मात्र अजून सासूच्याच नावानं निघते. थोरला दीर लग्नानंतर ठाण्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेला, पण रेशनकार्डावरून त्यानं आपलं नाव काही कमी करून घेतलं नाही. आता चाळ पुनर्विकासाला निघाली आहे.

आधी शेवट ठरवा, मग घटना

सुरुवात सुचत नसेल तर शेवटाकडून मागे या. शेवटच्या भागात मालती कशासाठी झगडत असेल? खोलीवरच्या हक्कासाठी, आणि समोर असेल दीर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये अशी तरतूद आहे की भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरू मानता येतं. म्हणजे सगळा झगडा एका मुद्द्यावर येऊन थांबतो : सासू गेली तेव्हा तिच्यासोबत खरंच कोण राहत होतं? हा प्रश्न कागदावर एका ओळीत लिहून समोर चिकटवा. सुरुवातीच्या घटनेनं हाच प्रश्न वाचकाच्या मनात टाकला पाहिजे.

आता सुचणाऱ्या घटना या ओळीवर घासून बघा. सासूचा मृत्यू? घटना मोठी आहे, पण तिच्यामुळे वाचक दुःखाची गोष्ट वाचायला बसतो; खोलीचा विषय कुठून तरी नंतर आणावा लागतो. छताचा गिलावा कोसळतो? दचकवतो खरा, पण तो साऱ्या चाळीचा प्रश्न झाला. शिवाय दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला की मालतीच्या पोळ्या पुन्हा सुरू. बिल्डरची माणसं मोजमाप घ्यायला येतात? हे विषयाच्या जवळ आहे, पण मालतीनं दार लावून घेतलं तर तिला अजून महिनाभर काहीच करावं लागत नाही. तिन्ही घटनांत आवाज आहे. मालतीच्या पाठीत धक्का एकीतही नाही.

रुटीनमधलीच एक कडी तोडा

बाहेरून काहीतरी आणून आदळण्यापेक्षा रोजच्यातली जी गोष्ट पात्र न बघता करतं, तीच या वेळी होऊ देऊ नका. मालतीच्या महिन्यात अशी गोष्ट कोणती? पाच तारखेला घरमालकाचा मेहताजी भाडं न्यायला येतो. ती पिठाच्या हातांनी डब्यातले पैसे काढते, तो पावती फाडतो, ती पावती भिंतीवरच्या तारेला खोचते.

> “बेन, ह्या वेळेला पैसे राहू द्या.”
> “का हो? पावतीपुस्तक विसरलात?”
> मेहताजींनी 210 रुपये पोळपाटाच्या कडेला ठेवले. नोटांना पीठ लागलं. “पुस्तक आहे. मोठ्या भाऊंनी शेठकडे कागद दिलाय. खोली त्यांची म्हणून. शेठ म्हणाले, आता तुमच्याकडून घ्यायचं नाही.”
> तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा ते जिना उतरून गेले होते.

इथे ओरडाआरडा नाही, कुणी मेलं नाही. पण मालती कालपर्यंत भाडेकरूसारखी जगत होती, आज तिचे पैसे घ्यायला कुणी तयार नाही. दीर न येताच प्रसंगात आला आहे, आणि ‘खोली कुणाची’ हा प्रश्न परत आलेल्या नोटांच्या रूपानं समोर पडला आहे. शिवाय हा धक्का फक्त तिलाच बसतो. शेजारच्या बिऱ्हाडाची पावती त्याच दिवशी नेहमीसारखी फाटते. तेही एका वाक्यात दाखवता येईल.

कितव्या पानावर?

आकडे ढोबळ आहेत, पण हाताशी असावेत. पटकथेत एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. 120 पानांच्या पटकथेत मेहताजी आठव्या ते पंधराव्या पानाच्या दरम्यान पैसे परत करायला हवेत. 60,000 शब्दांच्या कादंबरीत पहिल्या 6,000 शब्दांच्या आत. 3,000 शब्दांच्या कथेत पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत. एकांकिकेत तर पडदा उघडल्यावर पाच-सात मिनिटांत, कारण मुळात वेळच पाऊण-एक तासाचा.

लवकर म्हणजे पहिलंच वाक्य असं मात्र नाही. पहिल्या ओळीत मेहताजी पैसे परत करत असेल तर वाचकाला त्याचं वजन कळणार नाही. त्याच्या लेखी तो भाड्याचा नुसता घोळ आहे. त्याआधी मालतीला या खोलीत काम करताना दिसू द्या, आणि पावती खोचण्याची सवय जुनी आहे हे तारेवरच्या पिवळ्या पडलेल्या थप्पीतून कळू द्या. यासाठी एक प्रसंग पुरतो. सासूची आजारपणं, दिराचं लग्न, नवऱ्याची नोकरी हे सगळं घटनेनंतर येऊ द्या. दीर खोली मागतोय हे कळल्यावर त्याच्या लग्नाची हकिकत वाचक कान देऊन ऐकतो. आधी सांगितली तर चाळतो.

परतीच्या वाटा एकेक करून बंद करा

बहुतेक मसुदे अडखळतात ते इथे. घटना चांगली असते, वेळेवर घडते, आणि मग पात्र पुन्हा पोळ्या लाटायला लागतं. वाचक विचारतो, “मग त्याचं काय झालं?” म्हणून घटनेनंतर लगेच एक यादी करा : मालतीच्या जागी शहाणा माणूस असता तर झगडा टाळायला त्यानं काय काय केलं असतं? त्यातली प्रत्येक वाट तिला प्रामाणिकपणे चालून बघू द्या, आणि ती का बंद आहे ते दाखवा.

पहिली वाट सोपी. ती भाड्याचा चेक शेठच्या पेढीवर स्पीड पोस्टानं पाठवते. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत येतं.

दुसरी वाट दिराची. ती फोन करते, “भावोजी, काहीतरी गैरसमज झालाय का?” तो चिडला तर प्रसंग स्वस्त होईल. त्याला गोड बोलू द्या : “अगं, तुला मी वाऱ्यावर सोडणार आहे का? ये ठाण्याला, आमच्याकडे राहा.” ही वाट अर्धी उघडी आहे, म्हणून जास्त धोक्याची. ती बंद करायला भांडण लागत नाही. डबे दुपारी साडेबाराच्या आत काळबादेवीत पोचायला हवेत, आणि वहिनींच्या स्वयंपाकघरात चाळीस माणसांच्या पोळ्या लाटणार कोण, कुठे? मालती हे मनात मोजते आणि “बघते” म्हणून फोन ठेवते. ठाण्याला जाणं म्हणजे धंदा संपणं, हे वाचकाला तिच्याबरोबरच कळतं.

तिसरी वाट थांबून राहण्याची, आणि ती बंद करायला मुदत लागते. चाळीच्या फळ्यावर पुनर्विकासात जागा मिळायला पात्र ठरलेल्या रहिवाशांची यादी लागते. तिच्या खोलीसमोर दिराचं नाव आहे, आणि खाली ओळ : हरकती महिनाअखेरपर्यंत. आता गप्प बसणं हाही एक निर्णय झाला, आणि तो तिच्या विरोधात जाणारा.

या तीन प्रयत्नांना पटकथेत दहा-पंधरा पानं द्या. मग, पंचविसाव्या-तिसाव्या पानाच्या आसपास, मालती स्वतःहून काहीतरी करते. शेजारच्या म्हातारीचं दार वाजवून म्हणते, “काकू, सासूबाईंचं सगळं तुम्ही बघितलंय. लिहून द्याल?” म्हणजे आता दिराविरुद्ध कागद. इथून परत फिरणं नाही. धक्का बाहेरून आला तरी हे पाऊल तिचंच हवं. वकिलीला असलेला भाचा अचानक उगवून तिची केस हातात घेतो असं लिहिलंत तर पुढची नव्वद पानं भाच्याची होतात. भाचा येऊ दे, पण तिनं बोलावल्यावर.

चुकलंय हे कसं ओळखायचं

घटनेच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ लिहून बघा. ती आदल्या दिवशीच्या सकाळच्या जागी शब्द न बदलता ठेवता येत असेल तर घटना कमजोर आहे. मालतीच्या बाबतीत तसं होत नाही : 210 रुपये डब्यात परत टाकावेत की वेगळे ठेवावेत, इथूनच तिची अडचण सुरू होते.

दुसरी खूण योगायोगाची. घटना योगायोगानं घडली तर वाचक एकदा चालवून घेतो. सुटका योगायोगानं झाली तर नाही. मेहताजींचं येणं योगायोग नाही, पाच तारीख ठरलेली आहे, म्हणून तर तो प्रसंग टिकतो.

उरलेली तपासणी दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते. पहिली पंधरा पानं छापून, ज्याला गोष्ट माहीत नाही अशा माणसाला द्या. “आवडलं का?” विचारू नका, आपली माणसं आवडलंच म्हणतात. विचारा, “आता तुला काय कळायला हवंय?” उत्तर “खोली तिला मिळते का दिराला?” असं आलं तर पुढे लिहा. “ही बाई पुढे काय करते?” असं मोघम आलं तर दीर त्या पानांत नीट आलेला नाही, मेहताजींच्या तोंडचं वाक्य स्पष्ट करा. आणि उत्तर “तिचा नवरा कशानं गेला?” असं आलं, तर आधीच्या पानांत नवऱ्यावर जे खर्च केलंय ते कापा आणि मेहताजींना दोन पानं अलीकडे आणा.