टेस्टोस्टेरॉन कमी की नुसता थकवा? टेस्ट करताना या चुका टाळा

मी लॅबमध्ये सॅम्पल घेतो आणि एकच प्रकार सारखा बघतो. दिवसभराचं काम उरकून माणूस संध्याकाळी सहाला येतो, पोटात काहीतरी खाल्लेलं असतं, आणि म्हणतो टेस्टोस्टेरॉन चेक करायचंय. सगळ्यात मोठी चूक हीच. हे हार्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, तरुणांमध्ये हा फरक चांगलाच मोठा असतो, शिवाय जेवणानंतरही आकडा खाली येतो. म्हणून सॅम्पल सकाळी 7 ते 10 मध्ये, उपाशीपोटी आणि रात्रीची झोप झालेली असताना द्यायचं. नाईट शिफ्टवाल्यांनी वेळ आधी डॉक्टरांना विचारून घ्यावी, त्यांचं घड्याळच वेगळं चालतं.

एक चौतीस वर्षांचा मुलगा असाच संध्याकाळी आला होता, तापातून नुकताच उठलेला. रिपोर्ट आला 248 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, साधारण 300 च्या खाली म्हणजे कमी धरतात, झालं, जिमच्या ट्रेनरने लगेच इंजेक्शन सुचवलं! मी त्याला म्हटलं, थांब, आधी डॉक्टरांकडे जा. त्यांनी त्याला पूर्ण बरं होऊ दिलं आणि मग सकाळी आठला उपाशीपोटी टेस्ट केली तर 452, दुसऱ्या एका सकाळी परत केली तर 430. आजारपणातसुद्धा हा आकडा तात्पुरता पडतो, हे कुणी सांगतच नाही. त्याला सकाळचं इरेक्शन नेहमीसारखं येत होतं, सेक्सची इच्छाही होती. पण बायको म्हणायची जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकतो. स्लीप स्टडी केली तर निघाला स्लीप अ‍ॅप्निया.

थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, उदास वाटणं यावरून टेस्टोस्टेरॉन ओळखायला जाऊ नका, कारण झोप कमी, थायरॉइड, अ‍ॅनिमिया, डिप्रेशन, सगळ्यांत हेच होतं. सेक्सची इच्छा बऱ्याच काळापासून कमी झाली, सकाळचं इरेक्शन बंद झालं, दाढी कमी वेळा करावी लागते, छाती दुखरी होऊन वाढली, तर संशयाला जागा आहे. आणि उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर हार्मोनचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, त्यासाठी वेगळं दाखवा.

एकाच रिपोर्टवर निदान करू नका, दोन वेगळ्या सकाळचे आकडे हवेत.

वजन जास्त असेल तर रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी असतं, त्यामुळे टोटल आकडा कमी दिसतो पण प्रोटीनला न चिकटलेलं, म्हणजे फ्री टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं, तेव्हा डॉक्टरांना तेही विचारा. खरंच कमी निघालं तर एलएच आणि प्रोलॅक्टिन ही दोन हार्मोन्स बघतात, म्हणजे बिघाड वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत ते कळतं.

आणि टेस्टच्या आधीच इंजेक्शन घेणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की पिट्युटरीचा सिग्नल बंद होतो आणि शुक्राणू बनणं कमी होतं, कधी शून्यावर येतं. मूल हवं असेल तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.