फायकस बोन्सायची पानगळ: दोष रोजच्या पाण्याचा

घरातल्या फायकस मायक्रोकार्पाची पानं पिवळी पडून गळत होती. कुंडी सहा इंचांची, पाणी रोज सकाळी अर्धा कप. दोष त्या ‘रोज’मध्येच होता. तळाची माती कधी सुकतच नव्हती, त्यामुळे मुळांना हवा मिळत नव्हती.

आता बोट पेरभर मातीत घालून बघायचं. कोरडं लागलं तरच पाणी, पण तेव्हा तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत. ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. पावसाळ्यात चार-पाच दिवसांनी वेळ येते, मे महिन्यात जवळपास रोज. कुंडी उजेडाच्या खिडकीलगत हलवली. जागा बदलली की फायकस रुसतो, थोडी पानं टाकतोच. तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये.

पानं गळत असताना कात्री आणि फांद्यांना वळण देणारी तार दोन्ही लांब ठेवली. जोमदार पालवी फुटल्यावरच छाटणी: फांदीला सहा-आठ पानं आली की दोन-तीन ठेवून पुढचं कापायचं. पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपावा. काहींच्या हाताला खाज सुटते.

तार अ‍ॅल्युमिनियमची, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. आधी खोडाला वेढा देऊन पकड घ्यायची, मग फांदीवर ४५ अंशांत तिरके वेढे. वाकवताना वळणाच्या बाहेरच्या बाजूला तार यायला हवी, नाहीतर साल फाटते. फायकस भराभर जाड होतो, म्हणून दर आठवड्याला बघायचं. तार रुतू लागली की उलगडायची नाही, पक्कडीने तुकडे करून काढायची. उलगडताना फांदी मोडते.